स्प्लेंडर विकणे आहे : जाहिरातीत काय लिहावं?

'स्प्लेंडर विकणे आहे. शोरूम कंडिशन, सिंगल हँड, पेपर क्लिअर, अ‍ॅव्हरेज ७०. किंमत बसून ठरवू. फक्त गरजूंनीच संपर्क साधावा.'

तालुक्याच्या साप्ताहिकात, किराणा दुकानाबाहेरच्या फळ्यावर, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा जाहिराती रोज दिसतात. लिहिणारा खोटारडाच असतो असं नाही. सगळे असंच लिहितात म्हणून तोही लिहितो. पण यातलं एकही वाक्य घेणाऱ्याला तपासून बघता येत नाही. 'शोरूम कंडिशन' कशावरून? 'क्लिअर' म्हणजे नेमका कोणता कागद? मग घेणारा प्रत्येक शब्द फसवणुकीचाच आहे असं धरून चालतो, सोबत ओळखीचा मिस्त्री घेऊन येतो आणि पहिल्याच बैठकीत किंमत पाच हजारांनी खाली ओढतो.

जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य गाडीसमोर उभं राहून किंवा कागद हातात घेऊन पडताळता आलं पाहिजे. प्रामाणिक जाहिरातीची माझी एवढीच कसोटी आहे. वरची जाहिरात आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या पुतण्यानं लिहिली होती. काका सांगली जिल्ह्यातल्या एका विकास सोसायटीतून सचिव म्हणून निवृत्त झालेले. ती जाहिरात बाजूला ठेवून आम्ही नव्यानं लिहायला बसलो, तेव्हा पहिली अर्धी संध्याकाळ गाडीकडे बघण्यात नाही, तर आरसी वाचण्यात गेली.

पुतण्या म्हणाला, "२०१९ची गाडी आहे." आरसीवर नोंदणी जानेवारी २०१९ची होती, पण उत्पादनाचा महिना नोव्हेंबर २०१८ होता. वर्षअखेरीच्या गाड्यांचं बऱ्याचदा असं होतं. विकणारा '२०१९ मॉडेल' म्हणतो, घेणारा आरसी बघून '२०१८' म्हणतो आणि दोन महिन्यांच्या फरकावरून विश्वास उडतो. त्यामुळे दोन्ही महिने लिहून टाकावेत. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ती नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे ही आरसी जानेवारी २०३४पर्यंत चालेल. घेणाऱ्याला खरं तर हेच हवं असतं, की आणखी किती वर्षं गाडी बिनघोर वापरता येईल.

नंतर मालकीचा प्रश्न आला. काका या गाडीचे पहिले मालक, तशी नोंदही आरसीवर आहे. पण २०२१ ते २०२३ अशी दोन वर्षं पुतण्या हीच गाडी घेऊन रोज एमआयडीसीत कामाला जात होता. म्हणजे 'फर्स्ट ओनर' खरं आणि 'सिंगल हँड' खोटं. मी म्हटलं, "काका, हे लिहायचं." काका म्हणाले, "अरे, घरातल्या घरातच वापरली ना!" पण याच दोन वर्षांत मीटर सर्वांत जास्त पळालं होतं आणि घेणारा ते विचारणारच होता. 'पहिले मालक, दोन वर्षं पुतण्यानं नोकरीसाठी वापरली' एवढं लिहिल्यावर विचारण्यासारखं काही राहत नाही.

काकांची गाडी निदान काकांच्या नावावर तरी होती. आपल्याकडे कितीतरी गाड्या विकणाऱ्याच्या नावावरच नसतात. दोन मालकांपूर्वीच्या माणसानं कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिलेल्या असतात आणि गाडी त्या सह्यांवर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते. अशी गाडी जाहिरातीत 'पेपर क्लिअर' म्हणून येते, आणि इथेच सगळ्यात मोठा धोका असतो. तो घेणाऱ्याला आहे, आणि सह्या करून मोकळं झालो असं समजणाऱ्या जुन्या मालकाला त्याहून जास्त. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकामागून एक बऱ्याच हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती आणि मधल्या काळात तिचा अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदणीकृत मालकावर टाकली, कारण कायद्याच्या लेखी तोच मालक होता. म्हणून गाडी नावावर नसेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहावं. त्याहून बरं म्हणजे आधी ती आपल्या नावावर करून घ्यावी आणि मग विकायला काढावी.

वडिलांच्या नावावरची गाडी त्यांच्या माघारी विकायची असेल तर तेच. मुलगा ती थेट तिसऱ्याला विकू शकत नाही. आधी वारस म्हणून फॉर्म ३१ भरून गाडी त्याच्या नावावर चढवावी लागते. 'वडिलांच्या नावावर आहे, सही करून देतो' हे वाक्य दिसलं की घेणाऱ्यानं तिथेच थांबावं.

काकांच्या आरसीत एक अडचण निघाली, जी कित्येक घरांत कुणाच्या लक्षातच नसते. गाडी कर्जावर घेतली होती. शेवटचा हप्ता २०२१मध्ये भरला, बँकेकडून एनओसी आली, ती फाईलला लावली आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. आरसीवर मात्र बँकेचं नाव तसंच होतं. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लावून आरटीओत एचपी रद्द करून घ्यावी लागते. जुन्या एनओसीवरची मुदत कधीच उलटून गेली होती, त्यामुळे बँकेतून नवी आणावी लागली. या कामात काही दिवस गेले. तोवर जाहिरात देऊ नये असं माझं स्पष्ट मत होतं. घेणारा पैसे घेऊन दारात आल्यावर 'एचपी तेवढी कॅन्सल करायची राहिलीय' म्हणावं लागलं, तर तो एकतर माघारी जातो किंवा त्या एका ओळीची किंमत कापून घेतो.

बाकीचे कागद पटकन झाले. नोंदणी १ एप्रिल २०१९च्या आधीची असल्यामुळे नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवणं भाग होतं, ती बसवलेली होती. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. काकांचा तो जानेवारी २०२४मध्ये संपला आणि त्यानंतर ते दरवर्षी फक्त थर्ड पार्टी भरत होते. नुसतं 'इन्शुरन्स चालू' लिहिलं तर घेणारा फुल विमा समजतो, म्हणून प्रकार आणि शेवटची तारीख दोन्ही लिहिले. ई-चलन तपासलं तर पुतण्याच्या एमआयडीसीच्या दिवसांतलं हेल्मेट नसल्याचं एक निघालं. ते त्याच संध्याकाळी भरलं. थकीत चलनावर गाडी नावावर करायचं काम अडू शकतं.

आता मीटर. त्यावर ४६,३०० किलोमीटर होते. जाहिरात ऑक्टोबर २०२५मध्ये द्यायची होती, म्हणजे गाडी रस्त्यावर येऊन पावणेसात वर्षं झाली होती. भागाकार केला तर रोजचे अठरा-एकोणीस किलोमीटर येतात. गाव ते सोसायटी आणि मधली दोन वर्षं एमआयडीसी, या वापराला हे बरोबर बसतं. घेणारेही मनात हाच हिशोब करतात. सात वर्षांच्या गाडीचं मीटर १५,००० दाखवत असेल आणि ब्रेकचा पॅडल झिजून गुळगुळीत झाला असेल, हँडलच्या मुठी बदललेल्या असतील, तर केबल कधीतरी तुटलेली होती किंवा मीटर बदललेलं आहे हे जाणकाराला कळतं. मीटर खरंच बदललं असेल तर कोणत्या साली आणि जुन्यावर किती आकडा होता ते लिहावं. लपवलं आणि सापडलं, की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सर्व्हिसची नोंद बहुतेकांकडे अर्धवटच असते, तशी ती काकांकडेही होती. पुस्तिकेत शोरूमचे शिक्के २०२०पर्यंतचे, पुढची कामं बसस्टँडजवळच्या मिस्त्रींकडे. तिथली बिलं दोन-तीनच सापडली. अशा वेळी 'वेळच्या वेळी सर्व्हिसिंग' लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी आम्ही मिस्त्रींकडे गेलो आणि त्यांना आठवलं ते बिलांशी ताडून बघितलं. चेन-स्प्रॉकेट ३१,०००ला बदललं, क्लच प्लेटा ३९,०००ला, बॅटरी २०२४मध्ये. इंजिन खोललेलं नाही. क्लच प्लेटांचं आणि बॅटरीचं बिल आहे, चेनचं नाही. हे असंच लिहिलं. ज्याचं बिल आहे आणि ज्याचं नाही ते वेगळं करून सांगितलं की बिल नसलेल्या कामावरही माणूस विश्वास ठेवतो. शिवाय कोणत्या मिस्त्रींकडे गाडी असते हे सांगायची तयारी दाखवावी. घेणारा तिथे जाऊन विचारू शकतो आणि मिस्त्री सहसा आपल्या गिऱ्हाइकासाठी खोटं बोलत नाहीत, कारण उद्या तीच गाडी नव्या मालकाबरोबर त्यांच्याच दारात येणार असते.

इंजिन खोललेलं असलं म्हणून घाबरू नये. रिबोर करून नवा पिस्टन-रिंग टाकलेलं, बिल असलेलं इंजिन हे निळा धूर सोडणाऱ्या 'न खोललेल्या' इंजिनापेक्षा केव्हाही चांगलं. ऑइल जळतंय का हे ओळखायला थंड इंजिन हवं. थंडीतल्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि इंजिन तापलं की जाते, त्यात काही बिघाड नाही. पण इंजिन तापल्यावर रेस देताना निळसर धूर दिसला आणि जळक्या ऑइलचा वास आला, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघालंय असं धरावं. गिऱ्हाईक यायच्या आधी दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवणारे विकणारे असतात. इंजिनावर हात ठेवला की ते समजतं. काकांच्या जाहिरातीत म्हणूनच 'सकाळी या, थंड इंजिनावर चालू करून दाखवतो' हे वाक्य घातलं. गाडीच्या तब्येतीबद्दल त्याहून बोलकं दुसरं वाक्य मला सुचलं नाही.

मग दोष. ते मिस्त्रींना बोलावून शोधले. पुढच्या टायरच्या बाजूला, एका लहान लंबगोलात चार आकडे कोरलेले होते : ४११८. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. २०१८च्या ४१व्या आठवड्यातला टायर, म्हणजे ऑक्टोबरचा. गाडी नोव्हेंबरात बनली हे आरसीवर आहेच, तेव्हा टायर कंपनीतून आलेलाच निघाला. नक्षी अजून दिसत होती, पण बाजूच्या रबराला बारीक केसासारख्या भेगा पडल्या होत्या. सात वर्षांत रबर कडक होतं आणि पावसात पकड सोडतं, नक्षी कितीही शिल्लक असो. मागचा टायर २०२३चा निघाला.

दुसरा दोष डाव्या शॉकअपचा. मिस्त्रींनी पुढच्या शॉकअपची चकचकीत नळी फडक्यानं कोरडी पुसली, ब्रेक दाबून धरून हँडल आठ-दहा वेळा खाली दाबलं आणि बोट दाखवलं. उजवी नळी कोरडी होती, डावीवर ऑइलचं बारीक कडं उमटलं होतं. ऑइल सील गेलेलं. विकायच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन पॉलिश मारली की हे कडं तात्पुरतं जातं, पण घेणाऱ्यानं एक चक्कर मारली की परत येतं, आणि मग त्याला पॉलिश कशासाठी मारलं होतं तेही समजतं.

टाकीवर उजव्या बाजूला फाटकाला लागून पडलेला पोचा होता, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला गंज होता. टायर आणि सील मिळून मिस्त्रींनी साधारण अडीच हजारांचा अंदाज दिला. पुतण्याचं म्हणणं, ते करूनच विकू. मला ते पटलं नाही. ब्रेकचं काम असतं तर करूनच द्यायला हवं होतं, कारण ट्रायल घेणारा माणूस त्याच ब्रेकवर जाणार. पण टायर कोणता घालायचा हे घेणाऱ्याला ठरवू द्यावं. विकणारा नेहमी स्वस्तातला घालतो आणि किमतीत महागातला लावतो, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. दोष लिहिला, खर्चाचा अंदाज लिहिला आणि किंमत तो धरून सांगितली, की घासाघीस त्या दोषावरून होत नाही.

शेवटी जाहिरात अशी झाली :

'हिरो स्प्लेंडर प्लस, सेल्फ, बीएस४. एमएच १० पासिंग. उत्पादन नोव्हेंबर २०१८, नोंदणी जानेवारी २०१९, आरसी जानेवारी २०३४पर्यंत. माझ्या स्वतःच्या नावावर, पहिला मालक. मधली दोन वर्षं पुतण्यानं नोकरीसाठी वापरली. मीटर ४६,३००, मूळ मीटर. कर्ज फिटलेलं, आरसीवरून बोजा उतरवलेला. थर्ड पार्टी विमा जानेवारी २०२६पर्यंत, पीयूसी चालू, ई-चलन बाकी नाही, एचएसआरपी प्लेट बसवलेली. इंजिन खोललेलं नाही. क्लच प्लेटा ३९,०००ला आणि बॅटरी २०२४मध्ये बदलली, बिलं आहेत. चेन-स्प्रॉकेट ३१,०००ला, बिल नाही. दोष : पुढचा टायर २०१८चा, बदलावा लागेल. डाव्या शॉकअपचं ऑइल सील गळतं. दोन्हींचा खर्च मिस्त्रींच्या अंदाजानं अडीच हजार. टाकीवर उजवीकडे पोचा, सायलेन्सरला खालून गंज. गाडी अपघातात सापडलेली नाही. फाटकाला लागून एकदा पडली आहे. किंमत ३८,०००, वरचे दोष धरून. सकाळी सात ते नऊ या वेळेत या, थंड इंजिनावर चालू करून दाखवतो, तुमचा मिस्त्री आणलात तरी चालेल. गाडी घेणाऱ्याच्याच नावावर करून देणार, कोऱ्या फॉर्मवर सही देणार नाही.'

अ‍ॅव्हरेज लिहिलं नाही. टाकी फुल करून, चालवून, परत फुल करून मोजलेला आकडा असेल तरच लिहावा आणि काकांनी तसा कधी मोजला नव्हता.

साप्ताहिकात शब्दांवर पैसे पडतात, तिथे एवढी जाहिरात जात नाही. तेव्हा काय ठेवायचं? मॉडेल, नोंदणीचा महिना, किलोमीटर, नाव कुणाचं, बोजा आहे की नाही, सर्वांत मोठा दोष आणि किंमत. 'स्प्लेंडर प्लस, नोंदणी जाने. २०१९, ४६,३०० किमी, स्वतःच्या नावावर, बोजा नाही, पुढचा टायर व शॉकअप सील करावे लागेल, ३८,०००.' सुशोभित विशेषणांना जागाच उरत नाही.

फोटो भर दुपारच्या सावलीत नाही तर सकाळच्या उजेडात काढावेत : दोन्ही बाजू, मीटरचा आकडा, दोन्ही टायर, आणि पोचा व ऑइलचं कडं जवळून. आरसीचा फोटो मात्र जाहिरातीत टाकू नये. त्यावर पत्ता, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो, ते अनोळखी माणसांत फिरवण्याचं कारण नाही. खरंच इच्छुक वाटणाऱ्याला फोनवर गाडीचा नंबर द्यावा. एम-परिवहन ॲपवर तो घालून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा त्याचा त्याला बघता येतो. प्रत्यक्ष आल्यावर आरसी हातात द्यावी आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवू द्यावा. गाडी न बघता 'अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्याशी बोलणंच थांबवावं. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही.

जाहिरातीतली शेवटची ओळ, गाडी नावावर करून देण्याची, काही जणांना खटकली. दोन फोन त्याच ओळीमुळे बंद झाले. दोघेही गाड्या घेऊन पुढे विकणारे होते. तिसरा फोन शेजारच्या गावातल्या दूधसंकलन केंद्रावरच्या मुलाचा आला. मिस्त्रीला घेऊन सकाळी आला, डाव्या शॉकअपवरचं कडं बघितलं, "लिहिलंय तसंच आहे" म्हणाला आणि ३७,०००ला व्यवहार झाला.

पैसे हातात आले तरी विकणाऱ्याचं काम राहतंच. फॉर्म २९ ही विकल्याची सूचना आणि फॉर्म ३० हा नावावर करून घेण्याचा अर्ज, दोन्हींवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरूनच सही करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणखी लागते, तेव्हा तेही जाहिरातीत किंवा पहिल्या फोनवर बोलून घ्यावं. विमा घेणाऱ्यानं चौदा दिवसांत कंपनीकडे आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. काकांनी एक साधी डिलिव्हरी नोट केली : गाडी क्रमांक, मीटर, किंमत, तारीख आणि सकाळचे साडेनऊ ही वेळ. वेळ मुद्दाम घातली, कारण त्याच दिवशी दुपारी चलन झालं किंवा अपघात झाला तर गाडी कुणाच्या ताब्यात होती हे त्या एका आकड्यावरून ठरतं. खाली दोघांच्या सह्या, जाहिरातीची प्रत मागे जोडलेली, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत सोबत. ही नोट वेळेला पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण आरटीओच्या नोंदीची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणून महिनाभरानं पुतण्यानं नंबर ॲपवर टाकून मालकाचं नाव बदललंय का ते बघितलं. बदललेलं होतं.